दोन पर्याय उरतात आणि चुकीचाच निवडला जातो: सीसॅटमधले निष्कर्षाचे आणि सुराचे प्रश्न

सीसॅटचा सराव पेपर तपासून झाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. उतारा नीट कळला होता, थेट माहितीचे प्रश्न बरोबर आले, पण ‘उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढता येईल’ आणि ‘लेखकाचा सूर कसा आहे’ हे प्रश्न गेले. चारपैकी दोन पर्याय सहज कटले, उरलेल्या दोनांत नेमका चुकीचा निवडला. स्पष्टीकरण वाचल्यावर पटलंही. पुढच्या पेपरात पुन्हा तेच.

राज्यसेवा पूर्वच्या या पेपरात 80 प्रश्न, 200 गुण आणि दोन तास. एका प्रश्नाला अडीच गुण, आणि चुकलं तर त्याचा पाव भाग वजा. पेपर आता पात्रतेपुरता आहे, 33 टक्के म्हणजे 66 गुण पुरतात. पण ज्यांची गणित आणि बुद्धिमत्तेची बाजू लंगडी आहे त्यांची सगळी भिस्त उताऱ्यांवर असते, आणि उताऱ्यांतले हेच प्रश्न त्यांना काठावर आणून ठेवतात.

यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे वाचन वाढवा, रोज अग्रलेख वाचा. अग्रलेख जरूर वाचावेत, पण आपला दोष कुठे आहे ते आधी तपासा. चुकलेला प्रश्न काढा, पर्याय हाताने झाका आणि लेखकाला काय म्हणायचं आहे ते आपल्या शब्दांत दोन वाक्यांत सांगा. सांगता आलं नाही, तर अडचण वाचनाची आहे आणि अग्रलेखांचा सल्ला तुमच्यासाठी योग्य आहे. बरोबर सांगता आलं, तर उतारा तुम्हाला कळलेला होता. चूक झाली ती पर्याय वाचताना. माझ्यासमोर येणाऱ्यांपैकी बरेच जण या दुसऱ्या गटातले असतात, आणि त्यांनी आणखी पन्नास उतारे सोडवले तरी गुण हलत नाहीत. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

एक उतारा, सावकाश

आयोगाच्या पेपरात येतो त्या धर्तीचा हा उतारा मी सरावासाठी लिहिला आहे:

> ठिबक सिंचनामुळे एकरी पाणी कमी लागते, हे आता वेगळे सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. मात्र एकरी बचत म्हणजेच भूजलाची बचत असे गृहीत धरून आपण पुढे जातो, तिथे थांबायला हवे. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पूर्वी दोन एकर भिजत, तो ठिबक बसवल्यावर त्याच पाण्यात साडेतीन एकर भिजवतो, आणि अनेकदा ज्वारीच्या जागी द्राक्षे लावतो. त्याच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा आहे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु उपसा कमीच झाला नाही, तर विहिरीची पातळी वर कशी येईल? अनुदानाच्या अहवालांत बसवलेल्या संचांची संख्या असते, उपशाची नोंद क्वचितच असते. जोपर्यंत आपण संच मोजत राहू आणि पाणी मोजणार नाही, तोपर्यंत या योजनेचे यश ठरवता येणार नाही.

प्रश्न: वरील उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणता निष्कर्ष काढता येईल?

(1) ठिबक सिंचनामुळे भूजलाचा उपसा वाढतो.
(2) एकरी पाणी कमी लागले तरी एकूण उपसा कमी होईलच असे नाही.
(3) ठिबकला अनुदान देण्याऐवजी शासनाने उपशावर मर्यादा घालावी.
(4) शेतकऱ्यांनी नगदी पिके टाळल्यास भूजल पातळी वाढेल.

उत्तर (2). पण असे प्रश्न वर्गात सोडवायला दिले की (1) आणि (3) वर भरपूर खुणा पडतात, आणि दोघांची कारणं अगदी निराळी असतात.

(1) निवडणाऱ्याने उताऱ्याचा रोख बरोबर पकडलेला असतो. ठिबकबद्दल काहीतरी शंका घेतली आहे, एवढं त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. पर्याय त्या शंकेला पूर्ण टोकाला नेतो आणि तो त्याच्याबरोबर जातो. उताऱ्यात मात्र ‘त्याच पाण्यात’ असे दोन शब्द आहेत. उपसा तेवढाच राहिला, वाढला नाही. पुढेही ‘कमीच झाला नाही’ असं म्हटलंय. कमी न होणं आणि वाढणं यांत जे अंतर आहे, तेवढ्यावरच पेपर काढणाऱ्याने हा पर्याय उभा केला आहे. उतारा एकदा भरभर वाचून मनात जो सारांश उरतो, त्यात ‘त्याच पाण्यात’ हे शब्द उरत नाहीत. म्हणून सारांशावर विसंबून (1) बरोबर वाटतो.

(3) निवडणारा बहुधा अभ्यासू असतो. भूजलावर त्याने भूगोलात आणि कृषीत वाचलेलं असतं, उपशाच्या नियमनाचा मुद्दा त्याला मुख्य परीक्षेच्या उत्तरात लिहायचा असतो. पर्याय शहाणपणाचाही आहे, कदाचित धोरण म्हणून योग्यही असेल. फक्त लेखकाने तो मांडलेला नाही. लेखक म्हणतो पाणी मोजा. मर्यादा घाला असं कुठेच म्हणत नाही, आणि अनुदान बंद करा असं तर नाहीच. ‘ऐवजी’ हा शब्द आला की थबकायला हवं, कारण एक काढून दुसरं ठेवण्याइतका निर्णय लेखकाने घेतला होता का, हे उताऱ्यात दाखवता यावं लागतं. अभ्यास जितका जास्त तितका हा पर्याय जास्त खेचतो. सामान्य अध्ययनात चांगले गुण असलेली मुलं इथे का अडकतात याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

(4) मध्ये एक तपशील उचलून त्याला मूळ कारणाचं रूप दिलंय. द्राक्षांचा उल्लेख ‘अनेकदा’ म्हणून, जाता जाता आला आहे. उताऱ्याचा मुद्दा क्षेत्र वाढण्याचा आणि मोजमापाचा आहे. शिवाय ‘हे झालं म्हणून ते होतं’ यावरून ‘हे थांबवलं की ते थांबेल’ असं निघत नाही.

आता (2) कडे पाहा. तो किती नरम आहे! ‘होईलच असे नाही.’ परीक्षेच्या घाईत असा पर्याय पुचाट वाटतो, काही सांगतच नाही असं वाटतं. निष्कर्षाच्या प्रश्नात बरोबर पर्याय बऱ्याचदा असाच कमी दावा करणारा असतो, कारण कमी दाव्याला पुरावाही कमी लागतो आणि तेवढा उताऱ्यात असतो. पण यावरून ‘नरम पर्याय म्हणजे बरोबर’ असा नियम करू नका. लेखकाने स्वतःच ठामपणे म्हटलेली गोष्ट पर्यायात ठामपणेच येईल. जोर उताऱ्याइतकाच असावा, एवढंच पाहायचं.

म्हणून उरलेल्या दोन पर्यायांशी आल्यावर ‘यातला बरोबर कोणता’ असं विचारू नका. दोन्ही बरोबरच वाटतात, म्हणून तर ते उरलेत. ‘यातला कोणता शब्द मला उताऱ्यात दाखवता येत नाही’ असं विचारा. (1) मध्ये ‘वाढतो’ दाखवता येत नाही. (3) मध्ये ‘ऐवजी’ आणि ‘मर्यादा’ दाखवता येत नाहीत. असा एक शब्द पुरतो, मग बाकी वाक्य कितीही ओळखीचं असो.

अ, ब, क विधानांच्या प्रश्नातही हेच, फक्त तिथे परिमाणाचे शब्द जास्त छळतात. ‘अनेकदा’चं ‘बहुतेक वेळा’ होतं, ‘क्वचितच’चं ‘कधीच नाही’ होतं. याच उताऱ्यावर ‘अनुदानाच्या अहवालांत उपशाची नोंद नसते’ असं विधान दिलं तर ते चूक ठरेल, आणि ‘फक्त अ’ व ‘अ आणि ब’ यांतला फरक तेवढ्यावर ठरेल.

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये बसणाऱ्यांसाठी एक भर. तिथे गृहीतकही विचारतात, आणि मुलं निष्कर्षालाच गृहीतक समजून खूण करतात. निष्कर्ष उताऱ्यातून पुढे निघतो. गृहीतक उताऱ्याच्या आधी, न बोलता, मान्य केलेलं असतं. ते ओळखायला विधान उलटं करून पाहावं. वरच्या उताऱ्याचं एक गृहीतक असं: योजनेचं यश ठरवताना भूजलाचा विचार व्हायला हवा. आता उलटं करा. समजा यश म्हणजे फक्त शेतकऱ्याचं उत्पन्न वाढणं, भूजलाचा त्याच्याशी संबंध नाही. मग शेवटचं वाक्य टिकतच नाही. उलटं केल्यावर लेखकाचा युक्तिवाद कोसळला, म्हणजे ते गृहीतक खरं. पर्याय (2) हे मात्र गृहीतक नाही; ते तर लेखकाने उदाहरण देऊन उभं केलेलं आहे.

सूर कुणाकडे रोखलेला आहे?

त्याच उताऱ्यावर: लेखकाचा सूर कसा आहे?

(1) ठिबक सिंचनाविषयी विरोधाचा
(2) शेतकऱ्यांविषयी उपहासाचा
(3) मूल्यमापनाच्या पद्धतीविषयी चिकित्सक
(4) तटस्थ व केवळ माहितीपर

सुराच्या प्रश्नात बहुतेकांचं लक्ष विशेषणाकडे जातं: विरोध, उपहास, चिकित्सक, तटस्थ. पण सुराला दिशाही असते. लेखक नाराज आहे हे खरं, पण कुणावर? ठिबकवर नाही, ते पाणी वाचवतं हे त्याने पहिल्याच वाक्यात मान्य केलंय. शेतकऱ्यावर नाही, ‘दोष देण्याचे कारण नाही’ असं स्पष्ट लिहिलंय. बोट आहे ते ‘आपण’कडे आणि अहवालांकडे, म्हणजे यश मोजण्याच्या पद्धतीकडे. उत्तर (3).

(2) कशामुळे भुलवतो? ‘पातळी वर कशी येईल?’ या प्रश्नामुळे. प्रश्नार्थक वाक्य दिसलं की टोमणा आहे असं वाटण्याची सवय आपल्याला वर्तमानपत्रांतल्या स्तंभांमुळे लागलेली आहे. इथे तो प्रश्न सरळ आहे. उपहास असेल तर लेखक जे म्हणतो त्याच्या उलट त्याला म्हणायचं असतं, किंवा स्तुती गरजेपेक्षा जास्त केलेली असते. तसा एक तरी शब्द बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

(4) निवडणारे शांत भाषेलाच तटस्थता समजतात. आवाज चढवलेला नाही म्हणून मत नाही असं होत नाही. ‘तिथे थांबायला हवे’ हे मत आहे. तटस्थ उताऱ्यात ‘हवे’, ‘दुर्दैवाने’, ‘केवळ’, ‘तरीही’ अशा शब्दांना फारसं कामच नसतं. सराव करताना हे शब्द पेन्सिलीने गोल करा, सूर त्यांच्यातच सापडतो.

(1) मागचं आमिष सगळ्यात चिवट आहे, म्हणून दुसऱ्या उताऱ्यातला एक तुकडा देते: ‘हातगाड्यांमुळे पदपथ अडतात, ही तक्रार खोटी नाही. ज्येष्ठ नागरिकांना रस्त्यावर उतरून चालावे लागते, हेही खरे. पण ज्या शहराने भाजीबाजारासाठी जागाच राखून ठेवली नाही, त्याने हा दोष गाडीवाल्याच्या माथी मारावा हे न्यायाचे नाही.’ इथे पहिली दोन वाक्यं लेखकाने समोरच्याला दिलेली मान्यता आहे, त्याचं स्वतःचं म्हणणं ‘पण’नंतर सुरू होतं. ‘लेखक हातगाड्यांच्या अतिक्रमणाबद्दल चिंतित आहे’ हा पर्याय त्या मान्यतेतून उचललेला असतो. वाक्य उताऱ्यात जवळजवळ जसंच्या तसं सापडतं, त्यामुळे ‘दाखवता येतं का’ या कसोटीलाही ते उतरल्यासारखं वाटतं. म्हणून दाखवताना एवढं अधिक पाहा: हे वाक्य ‘पण’, ‘मात्र’, ‘परंतु’च्या अलीकडचं की पलीकडचं? ठिबकच्या उताऱ्यात हीच रचना आहे, फक्त ‘मात्र’च्या अलीकडे एकच वाक्य आहे.

चुका तपासताना काय लिहायचं

इथे बहुतेकांची गाडी अडते. पेपर तपासतात, लाल पेनाने बरोबर उत्तर लिहितात, स्पष्टीकरण वाचतात, ‘हो, बरोबर आहे’ म्हणतात. बरोबर उत्तर का बरोबर हे कळलं, पण चुकीचं का आवडलं ते तसंच राहिलं. पुढच्या वेळी उतारा वेगळा असतो, आमिष तेच असतं.

क्रम बदला. उत्तरतालिका उघडण्याआधीच, ज्या प्रश्नांत दोन पर्यायांवर अडलात त्यांच्यापुढे एक ओळ लिहा: मी हा का निवडला आणि दुसरा का सोडला. हे आधीच लिहिणं महत्त्वाचं, कारण उत्तर कळल्यावर आपलं मन कारण बदलतं. ‘घाईत झालं’ असं लिहून मोकळं होतं. घाई हे कारण लिहायचंच नाही. घाईत चारपैकी हाच पर्याय का वाटला, ते लिहायचं.

एका विद्यार्थिनीच्या वहीतल्या चार ओळी, तिच्या परवानगीने:

‘ठिबक, निष्कर्ष. निवडला 3. कारण: नियमन हवंच, वाचलंय. नसलेला शब्द: ऐवजी.’
‘हातगाडी, सूर. निवडला चिंतित. कारण: पहिली ओळ तशीच होती. पणच्या अलीकडची.’
‘मातृभाषेतून शिक्षण, निष्कर्ष. निवडला 1. कारण: मलाही तसंच वाटतं. नसलेला शब्द: सर्व.’
‘वनहक्क, निष्कर्ष. निवडला 4. कारण: कायद्यात तशी तरतूद आहे. उताऱ्यात नाही.’

पहिली, तिसरी आणि चौथी ओळ एकच गोष्ट सांगतात: ही मुलगी उताऱ्याबाहेरचं ज्ञान आणि स्वतःचं मत आत आणते. विषय शेती, शिक्षण, कायदा असे वेगवेगळे होते, म्हणून तिला वाटत होतं की तिच्या चुका कुठल्याही धरबंधाशिवाय होतात. प्रत्यक्षात चूक एकच होती. तिला सांगायचं होतं ते इतकंच, की ज्या विषयाचं तुला जास्त माहीत आहे त्या उताऱ्यात निवडलेल्या पर्यायासमोर उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिही. क्रमांक लिहिता येत नसेल तर खूण करू नकोस. ज्याच्या वहीत टोकाचे शब्द जास्त सापडतील त्याला हा उपाय लागू नाही; त्याने पर्यायातलं परिमाण आणि उताऱ्यातलं परिमाण शेजारी शेजारी लिहून पाहावं.

जुने उतारे पुन्हा कसे वापरायचे

आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या पेपरांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मिळतात. उतारे नवेच हवेत असा हट्ट नको. सोडवलेला उतारा तीन-चार आठवड्यांनी परत घ्यायचा. अडचण अशी की उत्तर आठवतं: ‘यात दुसरा पर्याय होता’. मग सराव झाला असं वाटतं आणि होत काहीच नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत काम उलटं करा. बरोबर पर्याय माहीत आहे असंच धरा आणि बाकीच्या तिघांसाठी लिहा: हा कुणाला आवडेल, आणि कोणत्या शब्दावर पडतो. शब्द पर्यायातला आणि त्याच्याशी न जुळणारा उताऱ्यातला, दोन्ही. उत्तर आठवत असलं तरी हे आठवणीतून लिहिता येत नाही, उतारा पुन्हा वाचावाच लागतो. पेपर काढणारा जिथे बसतो तिथे बसून हे करायचं. आणखी पुढे जायचं असेल तर त्याच उताऱ्यावर एक नवा चुकीचा पर्याय स्वतः लिहा आणि मित्राला द्या. तो फसला तर आमिष तुम्हाला नीट कळलंय.

वेळेचं भान ठेवा. अशी चिरफाड एका बैठकीत दोन उताऱ्यांपेक्षा जास्त होत नाही, झाली तर ती वरवरची असते. आणि ती घड्याळ लावून सोडवलेल्या पेपराची जागा घेत नाही. आठवड्यात एक पूर्ण पेपर वेळ लावून आणि बाकी दिवस चिरफाड, अशी वाटणी बहुतेकांना जमते.

सुधारणा होते आहे हे गुणांच्या आधी वहीत दिसतं. सुरुवातीला ‘नसलेला शब्द’ उत्तर पाहिल्यावर सापडतो, नंतर उत्तर पाहण्याआधी, मग खूण करण्याआधी. तिसऱ्या टप्प्यावर आल्याशिवाय गुण हलत नाहीत, त्यामुळे दोन पेपरांत फरक दिसला नाही म्हणून वही सोडू नये.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. काही प्रश्नांत वादच असतो. आयोग आधी पहिली उत्तरतालिका काढतो, त्यावर हरकती येतात, आणि अंतिम तालिकेत काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. चिरफाड नेहमी अंतिम तालिकेवरच करा. पहिल्या तालिकेवर किंवा क्लासच्या तालिकेवर केलीत तर बरोबर विचाराला चूक समजून तोच सोडून द्याल. अंतिम तालिकेतलंही एखादं उत्तर सगळं करून पटत नसेल, तर त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि तो प्रश्न मोजणीतून वगळा. एका विचित्र प्रश्नासाठी आपली कसोटी बदलली तर बाकीचे दहा बिघडतात.

मराठी मजकूर कधी भाषांतरामुळे अडखळतो; ‘कदाचित’ आणि ‘शक्यता आहे’ यांची सरमिसळ होते, किंवा लांब वाक्यात ‘जे’ नेमकं कुणाला उद्देशून आहे ते कळत नाही. उतारा दोन्ही भाषांत छापलेला असेल आणि मराठीत परिमाणाच्या शब्दावर अडलात, तर तेवढं एक वाक्य इंग्रजीत पाहा. संपूर्ण उतारा दोनदा वाचायला दोन तास पुरत नाहीत. एवढं करूनही दोन पर्याय समसमान राहिले, तर पाव भाग वजा होत असताना दोनातला एक निवडणं हिशोबाने फायद्याचंच आहे; खूण करा, प्रश्नापुढे बारीक टिंब द्या आणि पुढे चला. घरी आल्यावर ‘मी हा का निवडला’ ही ओळ आधी त्या टिंबांपुढे लिहायची.